आडवा दांडा सोडताच बिजागरीवरचा भार Mg/2 वरून Mg/4 कसा होतो?

प्रश्न: सर, मी बारावीला आहे, परभणीला. एका टोकाला बिजागरी असलेला आडवा दांडा दुसऱ्या टोकाच्या दोरीने धरलाय. दोरी कापली की त्याच क्षणी बिजागरीची प्रतिक्रिया Mg/4 येते म्हणतात. पण कापायच्या आधी ती Mg/2 होती आणि त्या क्षणाला दांडा तर हललेलाही नसतो. मग एका क्षणात अर्धी कशी होते? वेग शून्य आहे तर R = Mg का नाही? मी घरी पडद्याचा पाइप एका टोकाला ताणकाट्याला आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्याला टांगून दोरा जाळून बघितला. काटा पाव वजनावर थांबलाच नाही, नुसता थरथरला.

उत्तर:

Mg/4 हे उत्तर बरोबर आहे आणि तुझा काटा थरथरला तेही बरोबर आहे. दोन्हींत विरोध नाही. ताणकाटा म्हणजे बिजागरी नव्हे, तुझी सगळी अडचण तिथे आहे. पण तिथे पोचण्याआधी गणित एकदा आकडे घालून करू.

लोखंडी दांडा धर, वस्तुमान ४ किलो, लांबी १.२ मीटर, जाडी सगळीकडे सारखी. g सोयीसाठी १० घेऊ, म्हणजे वजन ४० न्यूटन. दोरी शाबूत असताना दांडा स्थिर आहे, म्हणून २० न्यूटन दोरीवर आणि २० न्यूटन बिजागरीवर. आता दोरी कापली. दांड्यावर दोनच बलं उरली, मध्यावरून खाली ४० न्यूटन आणि बिजागरीकडून R. हे R आपल्याला माहीत नाही, म्हणून टॉर्क बिजागरीभोवती घ्यायचा. R बिजागरीतूनच जातं, त्यामुळे त्या समीकरणात ते येतच नाही.

```
M g (L/2) = (M L²/3) α
α = 3g / 2L = 12.5 rad/s²
मध्याचं त्वरण a = α (L/2) = 3g/4 = 7.5 m/s²
M g − R = M a
R = 40 − 30 = 10 N
```

१० न्यूटन म्हणजे वजनाचा पाव हिस्सा, वरच्या दिशेने. आडव्या दिशेला काही नाही. दांड्याच्या लांबीच्या दिशेने लागणारं बल Mω²L/2 असतं आणि त्या क्षणी ω शून्य आहे.

आता तुझा R = Mg चा मुद्दा. वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, अशी सांगड तू मनात घातलीस. सरळ वर फेकलेला दगड सर्वांत वरच्या बिंदूला क्षणभर थांबतो, तिथे त्याचा वेग शून्य असतो, पण त्वरण g च असतं. दांड्याचंही तसंच आहे. दोरी सुटली त्या क्षणी वेगाला बदलायला वेळच मिळालेला नाही, पण बलं बदलली आहेत, आणि बलं बदलली की त्वरण त्याच क्षणी बदलतं. स्थान आणि वेग मागच्या क्षणाकडून वारशाने येतात. त्वरण वारशाने येत नाही, ते त्या क्षणी कोणकोणती बलं लागली आहेत त्यावर ठरतं.

R = Mg या चुकीबद्दल आणखी एक सांगतो, कारण लातूरला वर्ग घेताना मी ती फार वेळा पाहिली आहे. मुलं ताळा करायला जातात आणि फसतात. मध्याभोवती टॉर्क घेतात, R·(L/2) लिहितात, पण समोर जडत्व आघूर्ण टोकाभोवतीचं, म्हणजे ML²/3 ठेवतात. त्यात α = 3g/2L घातलं की R = Mg येतं. म्हणजे ‘हललंच नाही’ या चुकीच्या समजुतीतून जे उत्तर आलं, तेच या दुसऱ्या चुकीतूनही येतं आणि मुलाला वाटतं दोन वाटांनी एकच उत्तर आलं, आता शंकाच नको. हे ओळखायची खूण सोपी आहे. R = Mg असेल तर एकूण बल शून्य होतं, म्हणजे दांड्याचा मध्य खाली जायलाच नको. पण तूच नुकतं त्याचं त्वरण ३g/४ काढलंस. मध्याभोवती टॉर्क घेतलास तर जडत्व आघूर्णही मध्याचंच, ML²/12, घ्यायचं. मग R = MLα/6 येतं आणि α घातल्यावर बरोबर Mg/4.

उलटी चूकही होते. टॉर्क बिजागरीभोवती आणि जडत्व आघूर्ण ML²/12. त्यात R = −2Mg येतं, म्हणजे बिजागरी दांड्याला वजनाच्या दुपटीने खाली खेचतेय. असा उणे आकडा दिसला की तिथेच थांब.

हे झालं उत्तर काढणं. पण पावच का? तिसरा हिस्सा का नाही, अर्धा का नाही? हे सूत्रातून कळत नाही. मला ते ज्या वाटेने पटलं ती वाट सांगतो.

समज, दोरी कापताना बिजागरीही नाहीशी झाली. मग सगळा दांडा आडवाच्या आडवा g त्वरणाने खाली येईल, त्याचं डावं टोकही g ने खाली येईल. बिजागरीचं काम एवढंच, की या डाव्या टोकाला खाली जाऊ द्यायचं नाही. म्हणजे त्या टोकाला वरच्या दिशेने g एवढं त्वरण पुरवायचं. त्यासाठी किती बल लागेल?

मोकळ्या दांड्याच्या टोकाला R बलाने ढकललं तर दोन गोष्टी होतात. पूर्ण दांडा R/M त्वरणाने सरकतो आणि शिवाय मध्याभोवती फिरतो. फिरण्यामुळे टोकाला जादा त्वरण मिळतं, R(L/2)² भागिले ML²/12, म्हणजे 3R/M. दोन्ही मिळून टोकाचं त्वरण 4R/M. म्हणजे टोकाला धरून हलवणाऱ्याला दांडा M वजनाचा वाटतच नाही, M/4 वस्तुमानाच्या खड्यासारखा वाटतो. फरशीवर ठेवलेली सळई मधोमध ढकलून बघ आणि मग टोकाला ढकलून बघ, टोक किती सहज वळतं ते बोटाला कळेल. बिजागरीला थोपवायचा आहे तो हाच M/4 चा खडा, आणि त्याला g ने पडू द्यायचं नाही. म्हणून R = (M/4)·g.

दोरी असताना मात्र हिशेब वेगळा होता. तेव्हा दांडा फिरू शकत नव्हता, त्यामुळे दोन टोकांनी सगळं वजन निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं. दोरी गेली आणि दांड्याला फिरायची मुभा मिळाली. आता खाली जाणाऱ्या वजनाचा मोठा भाग दांड्याला त्वरण देण्यात खर्च होतो, बिजागरीकडे पावच पोचतो.

हे अंगावर जाणवतं. आमच्या गावी, औसा तालुक्यात, जुनं माळवद उतरवत होते तेव्हा मी तिथे होतो. दोन गडी एक सागवानी तुळई खांद्यावरून नेत होते. मागच्याने खांद्यावर टॉवेलची घडी ठेवली होती, तुळई तिच्यावर नुसती टेकलेली. पुढच्याने पाय घसरल्यावर “सोडायलो रे!” म्हणून ओरडत खांदा काढून घेतला. मागच्याला मी नंतर विचारलं, काय वाटलं? तो म्हणाला, “वजन उडाल्यावाणी झालं सर, आन् मग लगेच पुढं वढलो गेलो.” दोन वाक्यांत त्याने सगळं सांगितलं. तुळई खांद्यावर टेकलेली होती, हातांनी आवळून धरलेली नव्हती, म्हणून खांदा बिजागरीसारखा वागला. पहिल्या क्षणाला भार निम्म्यावरून पावावर आला, ते त्याचं ‘उडणं’. ओढलं जाण्याकडे पुढे येतो. त्याने तुळई दोन्ही हातांनी घट्ट आवळली असती तर हातांनी फिरण्याला विरोध केला असता, मग ती बिजागरी राहिली नसती आणि भार पावावर आला नसता.

आता तुझ्या ताणकाट्याकडे ये. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा हाच आहे, कारण ‘एका क्षणात’ म्हणजे नेमकं काय याचं उत्तर यातच आहे.

स्प्रिंगचं बल तिच्या ताणावर अवलंबून असतं. ताण कमी व्हायचा तर टोक हलायला हवं आणि टोक हलायला वेळ लागतो. म्हणून दोरा जळाला त्या क्षणी तुझी स्प्रिंग आधी जेवढं ओढत होती तेवढंच, Mg/2, ओढत राहते. खरं तर त्या क्षणी स्प्रिंगच्या बाबतीत Mg/2 हेच बरोबर उत्तर आहे. मध्याचं त्वरणही ३g/४ नसतं, g/2 असतं. बिजागरी तशी नाही. ती टोकाला हलू न देता लागेल तेवढं बल देते, कालचं बल आज द्यायचं बंधन तिच्यावर नाही.

स्प्रिंग पुढे काय करते? टोकाला M/4 चा खडा लटकलाय असं आपण म्हटलं, तेच इथे वापर. k कडकपणाच्या स्प्रिंगला M/4 वस्तुमान लावलं की ते ज्या ताणाभोवती डोलतं तिथे बल बरोबर Mg/4 असतं. सुरुवात Mg/2 पासून झाली, म्हणजे समतोलापासून Mg/4 इतकी वर. डोलणं दोन्हीकडे सारखंच जाणार, म्हणून स्प्रिंगचं बल Mg/2 आणि शून्य यांच्यामध्ये वरखाली होतं.

```
R(t) = (M g/4) (1 + cos ωt)
ω = √(4k/M)
```

तुझ्या पाइपचं वजन तू लिहिलं नाहीस. मी एक मीटरचा ६०० ग्रॅमचा पाइप धरतो, आणि १० न्यूटनपर्यंतचा ताणकाटा ज्याची स्प्रिंग तेवढ्यात १० सेंटिमीटर ताणते, म्हणजे k = १०० न्यूटन प्रति मीटर. ω साधारण २६ येतो आणि एका डोलण्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. काटा सुरुवातीला ३ न्यूटनला होता. पावावर, म्हणजे दीड न्यूटनवर, तो ०.०६ सेकंदाने पोचेल, तिथून न थांबता ०.१२ सेकंदाने शून्यापाशी जाईल आणि परत फिरेल. तोपर्यंत पाइप आठ-नऊ अंश खाली झुकलेला असेल आणि प्रश्नातला ‘सोडल्याचा क्षण’ मागे पडलेला असेल. शिवाय काट्याच्या आतल्या दांडीलाही स्वतःचं वजन आहे, तिचंही हेलकावणं त्यात मिसळतं. तुला जी थरथर दिसली ती ही. तो पावाभोवतीच थरथरत होता, फक्त डोळ्याला ते पकडता येत नाही.

आता याच सूत्रात k वाढवत जा. खरी बिजागरी म्हणजे तरी काय, खूप कडक स्प्रिंगच. तिची खीळ, पट्टी, भिंत, सगळं केसभर का होईना दबतं. आपल्या ४ किलोच्या दांड्यासाठी k दहा लाख न्यूटन प्रति मीटर धर. ω = १००० येतो, एक डोलणं सुमारे ६ मिलिसेकंदांचं. २० न्यूटनखाली ही बिजागरी दबलेली असते अवघी ०.०२ मिलिमीटर. ती २० वरून खाली येते, १० भोवती दोन-चारदा थरथरते आणि धातूतल्या व सांध्यातल्या घर्षणाने १० वर ठरते. दहा मिलिसेकंदांत दांडा किती फिरला? अर्धं गुणिले १२.५ गुणिले ०.०१ चा वर्ग, म्हणजे ०.०००६ रेडियन, एका अंशाचा पंचविसावा भागसुद्धा नाही. डोळ्याला दांडा आडवाच आहे.

तेव्हा ‘अर्धी कशी झाली’ याचं उत्तर असं, की शून्य वेळात झाली नाही, काही मिलिसेकंदांत झाली. पुस्तकातला ‘सोडल्याचा क्षण’ म्हणजे घड्याळातला तो एकच बिंदू नव्हे. बिजागरीची थरथर विरली आहे पण दांडा अजून दिसण्याइतका फिरलेला नाही, अशी ती लहानशी फट आहे. कडक बिजागरीच्या बाबतीत ही फट असते, म्हणून Mg/4 ला अर्थ आहे. तुझ्या ताणकाट्याच्या बाबतीत ती नव्हती, कारण थरथरायला लागणारा वेळ आणि झुकायला लागणारा वेळ जवळपास सारखेच निघाले. एक मीटरचा दांडा आडव्यापासून उभा व्हायला अर्ध्या सेकंदाहून जरा कमी वेळ घेतो, त्यात पाव सेकंदाचं एक डोलणं. दांडा पूर्ण ताठ आहे हे गृहीतकही याच मापाने तपासायचं. लोखंडी सळईत दोरी सुटल्याची वार्ता दुसऱ्या टोकाला पोचायला मिलिसेकंद लागतात, म्हणून चालतं. लवलवता बांबू किंवा रबरी पाइप घेतलास तर चालणार नाही.

तर मग घरी मोजायचं कसं? बल मोजूच नको. त्वरण मोज आणि बल त्यातून काढ.

मीटरभर लांब लाकडी पट्टी घे. टोकापासून एक सेंटिमीटरवर भोक पाडून खिळ्यावर सैल बसव. भोक टोकापासून सेंटिमीटरभर आत असल्याने उत्तर २५ टक्क्यांऐवजी २५.८ टक्के होतं, तेवढं चालेल. दुसरं टोक दोऱ्याने बांध. तो दोरा कात्रीने कापू नको, कात्री पट्टीला झटका देते. तू जाळलास ते अगदी योग्य केलंस. बोटाने धरून सोडणं तर नकोच. पट्टीचं मोकळं टोक १.५g ने खाली जातं, बोट तितक्या झटक्यात बाजूला होत नाही आणि टोक क्षणभर बोटावर टेकून राहतं.

पट्टीच्या मध्यावर आणि खिळ्यापासून ६६ सेंटिमीटरवर रंगाने खुणा कर. त्या दुसऱ्या खुणेच्या शेजारी, त्याच उंचीला, एक खडा दुसऱ्या दोऱ्याने टांग. दोन्ही दोरे एका गाठीत आण, म्हणजे गाठ जळली की दोन्ही एकदम सुटतील. समोर मोबाइल ठेवून स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने चित्रीकरण कर आणि सुटल्यापासून २४ वी फ्रेम बघ, म्हणजे ०.१ सेकंद. खडा ४.९ सेंटिमीटर पडलेला दिसेल. पट्टीचा मध्य सुमारे ३.७ सेंटिमीटर. पट्टीचं टोक सुमारे ७.३ सेंटिमीटर, म्हणजे खड्याच्याही पुढे. आणि ६६ सेंटिमीटरची खूण खड्याच्या बरोबरीने. खड्याला जे अंतर मिळालं त्यातलं मध्याला जेवढं कमी पडलं, तेवढा हिस्सा बिजागरीने धरून ठेवला. ४.९ पैकी १.२, म्हणजे पाव. मला हा प्रयोग फार प्रिय आहे. ज्या बलाला हात लावता येत नाही ते पट्टी किती मागे राहिली त्यावरून वाचता येतं.

त्या ६६ च्या खुणेबद्दल दोन शब्द. खिळ्यापासून x अंतरावरच्या बिंदूचं त्वरण αx असतं, ते g इतकं होतं x = 2L/3 ला. त्याच्या अलीकडचे बिंदू मोकळ्या खड्यापेक्षा हळू पडतात, पलीकडचे जास्त वेगाने. पट्टीवर दर दहा सेंटिमीटरवर एक रुपयाची नाणी ठेवून सोडलीस तर खिळ्याकडची सहा नाणी पट्टीला चिकटून खाली येतात आणि सत्तर, ऐंशी, नव्वदवरची मागे हवेत राहतात. हाच बिंदू आघाताचाही आहे. लटकत्या दांड्याला तिथे आडवा फटका मारला तर बिजागरीला धक्का बसत नाही. वजन मात्र L/2 ला लागतं, त्या बिंदूच्या अलीकडे, म्हणून बिजागरीला काहीतरी सोसावं लागतं आणि ते वरच्या दिशेने असतं.

खिळा न मारता पट्टीचं टोक नुसतं टेबलाच्या कडेवर टेकवलं तर? कड फक्त वर ढकलू शकते, धरून ठेवू शकत नाही. R वरच्या दिशेने आहे म्हणून पहिल्या क्षणी पट्टी कडेवरून उठत नाही. पण ती लगेच घसरते, आणि इथेच त्या गड्याचं ‘पुढं वढलो गेलो’ येतं. दांडा आडव्यापासून θ कोनात झुकला की बिजागरीला दोन कामं असतात. दांड्याला काटकोनात Mg cosθ/4 द्यायचं आणि दांड्याच्या दिशेने, आपल्याकडे, ओढायचं. ते ओढणं ऊर्जेवरून निघतं.

```
½ (M L²/3) ω² = M g (L/2) sinθ   →   ω² = 3g sinθ / L
दांड्याच्या दिशेने: M g sinθ + M ω² L/2 = (5/2) M g sinθ
उभं बल: (M g/4)(1 + 9 sin²θ)
आडवं बल: (9/4) M g sinθ cosθ
```

कडेवर हे ओढण्याचं काम घर्षणाने करायचं असतं आणि लागणारा घर्षणांक 10 tanθ येतो. घर्षणांक ०.३ धरला तरी पट्टी पावणेदोन अंशांतच घसरायला लागते. म्हणून खिळा हवाच. खांद्यावरच्या तुळईचंही तसंच झालं. दहा अंश झुकली की उभा भार वजनाच्या ३२ टक्के झालेला असतो, पण बिजागरीसारखं धरून ठेवायचं तर पुढच्या दिशेची ओढ ३८ टक्के सोसावी लागते. टॉवेलच्या घर्षणाने जेवढी पेलली तेवढी त्याला ओढून गेली, बाकीची तुळई घसरून गेली.

याच सूत्रात θ = 0 घातलंस की Mg/4 आणि आडवं बल शून्य मिळतं. θ = ९० अंश घातलंस की 5Mg/2. म्हणजे सोडताना बिजागरीला ज्या दांड्याचा पाव भार होता, तोच दांडा खाली उभा होताना तिला अडीचपट भाराने ओढतो. दहापट फरक. बिजागरीची खीळ निवडायची झाली तर ती या खालच्या आकड्यावर निवडावी लागते.

राहिला एक प्रकार, परीक्षेत तो मुद्दाम विचारतात. बिजागरी टोकाला नसून टोकापासून L/4 वर असेल तर? Mg/4 पाठ केलेला मुलगा इथे अडतो. बिजागरी मध्यापासून d अंतरावर असेल तर वरचीच रीत वापरून हे मिळतं:

```
R = M g · (L²/12) / (L²/12 + d²)
```

d = L/2 घाल, Mg/4 येईल. d = L/4 घाल, 4Mg/7 येईल. d शून्य केलंस, म्हणजे बिजागरी बरोबर मध्यावर आणलीस, तर R = Mg, कारण मग दांड्याला फिरायचं कारणच उरत नाही. तुला जे R = Mg हवं होतं ते एवढ्या एकाच जागी खरं आहे. दांडा एकसारख्या जाडीचा नसेल, कुदळीसारखा एका टोकाला जड असेल, तर L²/12 च्या जागी त्याच्या वस्तुमानकेंद्राभोवतीचं जडत्व आघूर्ण भागिले M ठेवायचं आणि d वस्तुमानकेंद्रापासून मोजायचं. सगळं वजन एका टोकाच्या खड्यातच असेल आणि दांडी अगदी हलकी असेल तर ती संख्या शून्य होते आणि R ही शून्य. खडा g ने मोकळा पडतो आणि त्या पहिल्या क्षणी बिजागरीला त्याचा पत्ताही नसतो.